भोंगा गेला, हजेरी उरली

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात. चुलीपुढचे काम आटोपून, भाकरीचे टोपले झाकून बाई अंथरुणाला पाठ टेकणार, एवढ्यात उशाशी ठेवलेला फोन थरथरतो. ‘आपल्या भागातील गरोदर मातांची यादी, बालकांची वजने व भेटींचे फोटो उद्या सकाळी दहापर्यंत पाठवावेत. कोणीही विलंब करू नये.’ खाली लगोलग अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची चित्रे उमटू लागतात. पाठवणाऱ्याने घरी जेवण झाल्यावर सहज आठवले म्हणून ओळ लिहिलेली असते. वाचणारीला मात्र उठून वही शोधावी लागते. वैराग आणि आसपासच्या बार्शी तालुक्यातील गावांत कोणत्याही आशासेविकेची किंवा अंगणवाडी सेविकेची रात्र ही अशी असू शकते, आणि पतसंस्थेतील कारकुनाची किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची रात्र याहून फारशी वेगळी नसते.

या त्रासाची चर्चा हल्ली शहरी वृत्तपत्रांतून पुष्कळ होते, पण ती बहुधा पुण्याच्या संगणक कंपन्यांतील तरुणांपुरती. त्यांचा त्रास खोटा नाही. तथापि ज्यांच्या कामाला मुळात वेळच नेमून दिलेली नाही, अशांचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. आणि श्रमिकांच्या पक्षाने विचारावयाचा प्रश्न नेमका तोच आहे.

विश्रांतीचा तास हा या महाराष्ट्रात कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, आणि पगार वेळेवर मिळावा. दिवसाला शेवट असावा एवढीच ती मागणी होती. रविवार पदरात पडायला १० जून १८९० उजाडावा लागला. म्हणजे आठवड्यातील एका दिवसासाठी सहा वर्षे खर्ची पडली. पुढे सोलापूरच्या जुन्या गिरणीचा आणि बार्शीच्या गिरण्यांचा भोंगा ज्यांनी ऐकला त्यांना त्याचा जुलूम ठाऊक होता. पण त्या भोंग्याचा एक गुण असा की, तो सुटण्याच्या वेळीही वाजे. एकदा तो वाजला की मुकादमाचा आवाज फाटकाबाहेर येत नसे. आजचा फोन हा असा भोंगा आहे की, ज्याला फक्त सुरू होण्याचाच सूर माहीत आहे.

‘मग फोन बंद ठेवावा, कोणी हात धरला आहे?’ असा शहाजोग सल्ला सर्वत्र मिळतो. तो देणाऱ्यांनी या यंत्राची रचना नीट पाहिलेली नसते. व्हॉट्सॲपवर एकट्या माणसाशी चाललेल्या संभाषणात, संदेश वाचल्याची निळी खूण बंद करता येते. समूहात ती बंद करता येत नाही. समूहात संदेश पाठवणाऱ्याने आपल्या संदेशाची माहिती उघडून पाहिली की कोणाकोणापर्यंत तो पोचला, कोणी वाचला आणि किती वाजता वाचला, हे नावानिशी दिसते. म्हणजे रात्री दहा वाजता एक हजेरीपट आपोआप तयार होतो. वाचून उत्तर न दिले तर उर्मटपणा, न वाचले तर बेफिकिरी. पर्यवेक्षक त्या हजेरीचा उपयोग करो वा न करो, ती आहे एवढे ठाऊक असणे पुरेसे असते. माणूस संदेश येण्याआधीच अर्धा जागा राहतो. मुकादमाने घराच्या खिडकीत येऊन उभे राहावे, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, खिडकीतला मुकादम दिसला असता तर गल्ली गोळा झाली असती.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना यांसाठी २०१७ चा अधिनियम आहे. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्यात घातलेली होती, आणि त्यापुढील कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जगभर श्रमाचा दिवस आखूड करण्याची भाषा चालू असताना आपल्याकडे तो लांबवला जातो, हे प्रगतीचे लक्षण म्हणायचे की कशाचे, हे उद्योगमंडळांनाच विचारावे.

तरीही दुप्पट मोबदल्याचे ते तत्त्व हाती धरून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या पतसंस्थेतील कारकुनाचा पगार महिना १५,६०० रुपये आहे. सव्वीस दिवसांनी भागले तर दिवसाला सहाशे, आणि आठ तासांनी भागले तर तासाला पंचाहत्तर रुपये. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास त्याचे संस्थेतच भरतात. त्यानंतर घरी आल्यावर थकबाकीदारांची यादी पाठव, अमक्याला फोन कर, उद्याच्या वसुलीचा तक्ता तयार ठेव, अशा संदेशांत रोज सरासरी पाऊण तास जातो असे धरू. सव्वीस दिवसांचे साडेएकोणीस तास झाले. दुप्पट दर म्हणजे तासाला दीडशे; महिन्याचे २,९२५ रुपये आणि वर्षाचे ३५,१०० रुपये. म्हणजे वर्षाकाठी सव्वादोन महिन्यांचा पगार या कारकुनाने संस्थेला बिनबोभाट अर्पण केला. रोज एकेक ओळ करून नेलेली ही रक्कम एका हप्त्यात कापली असती तर त्याने आकाशपाताळ एक केले असते.

परंतु हा हिशेब कागदावर सोपा आहे, वैरागच्या बाजारपेठेत नाही. पहिली अडचण अशी की, २०१७ चा हा कायदा तासांच्या बाबतीत मुळातच दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. कापडाचे दुकान, खताचे दुकान, आडत, मोबाईल दुरुस्तीची टपरी, यांत दहा माणसे कोठून असणार? दुसरी अडचण पुराव्याची. पाऊण तास काम झाले हे दाखवणार कसे? संभाषण फाईल म्हणून बाहेर काढण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि त्यात प्रत्येक संदेशाची तारीख-वेळ येते. परंतु संदेश पाठवणाऱ्याला तो काही काळ सर्वांच्या फोनवरून पुसताही येतो, आणि आपोआप नाहीसे होणारे संदेश ठेवण्याची व्यवस्थाही आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. पडद्याचे नुसते छायाचित्र छापून नेल्याने काम भागत नाही. म्हणून ज्याला हा प्रश्न लढवायचा आहे त्याने साधी वही ठेवावी: तारीख, वेळ, कोणाचा संदेश, कोणते काम, किती मिनिटे. अशी दहाजणांची महिनाभराची वही कामगार कार्यालयात टेबलावर ठेवली, तर बोलण्याला आधार मिळतो.

आणि आशासेविका? तिची अडचण याहूनही मूलगामी आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली, आणि सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा असा तिचा साचा ठरला. पण तिला कामगार म्हणायचे नाही असे पहिल्या दिवसापासून ठरलेले. ती ‘स्वयंसेविका’, तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. जिला कामाचे तासच नाहीत, तिचे ‘कामाच्या तासांनंतरचे काम’ कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच येऊ शकत नाही. सेवा हा शब्द वापरला की घड्याळ काढून घेता येते, ही युक्ती फार जुनी आहे. घरातल्या बाईवर ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. शासनाने तीच युक्ती आरोग्य खात्यात आणली एवढेच.

या बायांनी हे मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल शासनालाच परत केले. फोन जुने, स्मरणक्षमता तोकडी, दुरुस्तीचा खर्च पदरचा आणि वर माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत. ऑक्टोबर २०२३ च्या आशांच्या संपात मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही मागणी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी शिक्षकभरती व संचमान्यतेच्या निर्णयांविरुद्धच्या आंदोलनात प्रशासनाच्या व्हॉट्सॲप समूहांतून बाहेर पडण्याचे अस्त्र उपसले. हे शेवटचे उदाहरण विशेष ध्यानात घ्यावे. एक शिक्षक समूह सोडतो तेव्हा त्याला कारणे दाखवा नोटीस येते. तालुक्यातले सगळे सोडतात तेव्हा प्रशासनाला कळते की, आपले निम्मे कारभारयंत्र त्या शिक्षकांच्या खासगी फोनवर आणि त्यांनीच भरलेल्या रिचार्जवर चालले होते.

संसदेत या विषयाची दखल घेण्याचा प्रयत्न झाला आहे. सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. कामाच्या वेळेबाहेर फोन वा पत्राला उत्तर न देण्याचा हक्क आणि नियम मोडणाऱ्या संस्थेला एकूण वेतनखर्चाच्या एक टक्का दंड, असा त्याचा गाभा आहे. हेतू स्तुत्य आहे. पण खासगी विधेयकांचे भवितव्य सर्वांना ठाऊक आहे: स्वातंत्र्यानंतर अवघी चौदा विधेयके कायदा होऊ शकली, आणि त्यातले शेवटचे १९७० साली. शिवाय हे विधेयक उद्या संमत झाले तरी ते ‘कर्मचारी’ या शब्दावर उभे आहे. आशा कर्मचारी नाही. आडतीवरचा दिवाणजी कागदोपत्री कोणाचाच कर्मचारी नाही. ज्या दारावर कडी बसवायची ते दारच यांच्या घराला नाही.

परदेशांतील अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कंपन्यांना या विषयावर कामगारांशी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामगाराला उत्तर न देण्याचा हक्क आहे, मात्र तो नकार ‘अवाजवी’ नसावा, आणि अवाजवी कोणते हे परिस्थितीवरून ठरवायचे. पोर्तुगालने २०२१ च्या कायद्यात वेगळी वाट धरली. तेथे कामगाराला हक्क देण्याऐवजी मालकावर कर्तव्य घातले: विश्रांतीच्या काळात, अनिवार्य आपत्ती सोडून, संपर्कच करू नये. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. तसा तो नाही. हक्क दिला की तो बजावण्याचा धोका दुबळ्याने पत्करायचा, रोज रात्री त्याने धैर्य दाखवायचे. कर्तव्य घातले की जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. ज्या गावात मालक, चुलता, मतदार आणि सावकार एकाच घरात नांदतात, तेथे हक्कापेक्षा कर्तव्याचीच भाषा उपयोगाची.

येथे कोणी म्हणेल, आरोग्याचे काम थांबते काय? रात्री दोन वाजता बाळंतिणीला कळा सुरू झाल्या तर आशेने फोन उचलू नये काय? हा आक्षेप नेहमी काढला जातो, आणि त्याला उत्तर देणे मुळीच अवघड नाही. अशा वेळी वैरागच काय, कोणत्याही गावची आशा उठते, १०८ ला फोन करते, गाडीत बसून दवाखान्यापर्यंत जाते. त्याबद्दल तिची तक्रार नाही. तिची तक्रार आहे ती तक्त्याबद्दल, फोटोबद्दल, तीच माहिती तीन वेगवेगळ्या ठिकाणी भरण्याबद्दल. कळा येणारी बाई समूहावर संदेश टाकत नाही. ती माणूस पाठवते किंवा फोन करते. ज्या मजकुराला सकाळपर्यंत थांबता येते तो मजकूर निकडीचा नाही, आणि ज्याला थांबता येत नाही तो समूहावर टाकणे हाच निष्काळजीपणा आहे. निकडीला फोन, बाकीच्याला सकाळ: एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी नव्वद टक्के गोंधळाला निकडीचा मुखवटा घेता येणार नाही.

हाच नियम घरालाही लागू पडतो, कारण कामाचे संदेश थांबले तरी रात्र शांत होत नाही. कुटुंबाचा समूह आहे, भावकीचा आहे, दहावीच्या वर्गमित्रांचा आहे, लग्नघराचा तर निराळाच. पहाटे गुलाबाची चित्रे, दुपारी औषधांचे अघोरी सल्ले, रात्री भाऊबंदकीचे टोमणे. हा गोंगाट मालकाच्या हुकमासारखा नाही, हे मान्य. त्यात जिव्हाळाही असतो, आणि पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेल्या लेकराचा आवाज ऐकायला आसुसलेली आई तो सुखाने सोसते. पण या जिव्हाळ्याचेही श्रम कोणाच्या वाट्याला येतात? सासरच्या समूहावर प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक देवदर्शनाच्या फोटोला सुनेने दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. मुलाने नाही लिहिले तर तो कामात असतो. दिवसभर पाळणाघर, चूल आणि कार्यालय सांभाळलेल्या बाईची ही तिसरी पाळी आहे, आणि तिचा हिशेब तर कोणत्याच अधिनियमात सापडणार नाही. गंमत अशी की, आता संस्थांनीही आपल्या समूहांना ‘आमचा परिवार’ अशी नावे द्यायला सुरुवात केली आहे. घराने बाईकडून जे फुकट घेतले तेच फुकट घ्यायचे असेल, तर नाव घराचेच लावणे सोयीचे.

या गोंगाटाने एक खरी हानीही होते. पूर्वी मरणाची वार्ता सांगायला माणूस पायी येई, आणि तो दारात दिसला की घर उभे राही. आता ती वार्ता चाळीस चित्रांच्या मध्ये एक ओळ होऊन येते आणि दोन दिवसांनी दिसते. मग रुसवे. म्हणून समूहाचा आवाज बंद करायला लोक भितात. वास्तविक फोनमध्येच यावर तोड आहे. समूह कायमचा नि:शब्द करता येतो. कोणी आपले नाव घेऊन बोलावले किंवा आपल्या ओळीला उत्तर दिले तर तेवढी सूचना तरीही येते. रात्रीची ‘व्यत्यय नको’ ही सोय लावून ठराविक जवळच्या माणसांचे फोन चालू ठेवता येतात, आणि बहुतेक फोनमध्ये अनोळखी माणसाने थोड्याच मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देण्याची व्यवस्था आहे. म्हणजे खरोखर निकड असलेल्याला वाट मोकळी राहते. घरात सर्वांनी एकदा बसून ठरवावे की, आजारपण आणि मरण यांची बातमी समूहावर टाकायची नाही, फोनच करायचा. हे ठरले की नि:शब्द केलेला समूह अपराध वाटत नाही.

कामाच्या समूहाबाबत मात्र असे घरगुती उपाय पुरणार नाहीत, कारण तेथे एकट्याने आवाज बंद केला तर हजेरीपटावर त्याचेच नाव कोरे दिसते. तेथे नियम समूहाचाच हवा आणि तो पाठवणाऱ्यावर हवा. व्हॉट्सॲपमध्ये फक्त संचालकांनीच लिहावे अशी सोय २०१८ पासून आहे. अधिकारी ती खालच्यांचे तोंड बंद करायला वापरतात. तिचा उपयोग उलटा करता येईल: समूहाच्या संचालकांत संघटनेचा एक प्रतिनिधी असावा आणि संध्याकाळी सहानंतर समूह बंद राहावा. प्रत्येक मागणीची मुदत पुढच्या कामाच्या दिवसाच्या संध्याकाळच्या आत धरू नये. रजेच्या दिवशी मागितलेली माहिती न दिल्याबद्दल नोटीस निघू नये. या तीन अटी तालुका आरोग्य अधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी यांच्या सहीने लेखी मागाव्यात. संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. पंचायत समितीच्या पातळीवर या अटींना एक रुपयाचाही खर्च नाही, त्यामुळे निधी नसल्याची सबबही चालणार नाही.

आणि ही मागणी घेऊन जाण्यापूर्वी साथींनी आपल्याच पक्षाचे व संघटनांचे समूह उघडून पाहावेत. रात्री साडेअकराला ‘उद्या सकाळी नऊला तहसीलवर सर्वांनी हजर राहावे’ असा हुकूम कोण सोडतो? मोर्च्याचे फोटो आले नाहीत म्हणून मध्यरात्री खडसावतो कोण? त्या समूहात त्याच आशा असतात, तेच शिक्षक आणि तेच कारकून. तालुका कमिटीने येत्या बैठकीत ठराव करून सहाचा नियम प्रथम स्वतःच्या समूहाला लावावा, आणि त्या ठरावाची प्रत निवेदनाला जोडूनच बार्शीला जावे.